मागणी आणि चलनवाढ : व्याख्या किती ओळींत लिहावी?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ बारावी कला शाखेत आहे. अर्थशास्त्राच्या वर्कशीटमध्ये मागणी, चलनवाढ अशा व्याख्या लिहायला दिल्या आहेत. तो प्रत्येकीला अर्धे पान लिहितो, तरी दोनपैकी एक किंवा अर्धाच गुण मिळतो. क्लासचे सर म्हणतात की दोन ओळी पुरे. नक्की किती लिहायचे? (एक ताई, अंबाजोगाई)

उत्तर : ताई, आधी आकडे देतो आणि मग ते कुठून आले ते सांगतो. दोन गुणांच्या व्याख्येला पन्नास ते साठ शब्द, म्हणजे हाताने लिहिलेल्या सहा-सात ओळी पुरतात. चार गुणांच्या उत्तराला शंभर ते एकशेवीस शब्द लागतात. आठ गुणांच्या सविस्तर उत्तराला आकृती किंवा तक्ता धरून सव्वादोनशे ते अडीचशे शब्द लागतात. एका गुणाच्या पारिभाषिक शब्दाला मात्र फक्त तो शब्दच लिहायचा असतो, वाक्यही नको. तथापि तुमच्या भावाचे गुण लांबीमुळे जात नसावेत, असे मला वाटते. लातूर जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी सव्वीस वर्षे हा विषय शिकवत आहे. अर्ध्या पानाच्या व्याख्येला एकच गुण मिळालेला जेव्हा जेव्हा मी पाहिला, तेव्हा त्या अर्ध्या पानात व्याख्येचा एखादा आवश्यक घटक सुटलेला होता आणि उरलेली जागा इतर माहितीने भरलेली होती. सरांच्या दोन ओळीही त्यामुळे पुरेशा ठरतील असे नाही, कारण पाच घटकांची व्याख्या आणि तिचे उदाहरण दोन ओळींत सहसा मावत नाही.

लांबीचा हिशेब वेळेवरून येतो. बारावीची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि तीन तासांची, म्हणजे १८० मिनिटांची असते. त्यांपैकी वस्तुनिष्ठ प्रश्नांचे २० गुण सुमारे २५ मिनिटांत होतात, आणि प्रश्नपत्रिका वाचायला व शेवटी तपासायला १० मिनिटे ठेवावी लागतात. उरलेल्या १४५ मिनिटांत ६० गुणांचे लेखन करायचे असते, म्हणजे एका गुणाला जवळजवळ २.४ मिनिटे येतात. माझ्या वर्गातील मुले विचार करत करत लिहिताना मिनिटाला बारा-तेरा शब्द लिहितात, त्यामुळे दोन गुणांच्या पाच मिनिटांत साठ शब्द होतात. तुमच्या भावाचा वेग वेगळा असू शकतो. त्याला एक न पाठ केलेले उत्तर पाच मिनिटे लिहायला सांगा आणि शब्द मोजा. तो आकडा पंचेचाळीस आला तर त्याच्यासाठी दोन गुणांची व्याख्या पंचेचाळीस शब्दांची असावी, साठची नव्हे.

अर्ध्या पानाची किंमत कुठे मोजावी लागते, हेही याच हिशेबातून कळते. काही वर्षांपूर्वी माझ्याच वर्गातील एका मुलीने सराव परीक्षेत दोन-दोन गुणांच्या तीन संकल्पनांवर प्रत्येकी बारा-तेरा ओळी लिहिल्या. तिन्ही उत्तरे बरोबर होती आणि तिला सहापैकी सहा गुण मिळाले. पण या तीन उत्तरांना पंधराऐवजी तीस मिनिटे गेली होती. शेवटच्या प्रश्नातील आठ गुणांचे दुसरे उत्तर तिने नियमाचे विधान लिहून सोडून दिले, कारण घंटा झाली. तिथे तिला दोन गुण मिळाले. जादा लिहिल्याबद्दल कोणीही तिचे गुण कापले नव्हते. ते सहा गुण शेवटच्या पानावर गेले होते.

आता मागणीकडे येऊ. माझ्याकडे येणाऱ्या वह्यांमध्ये या व्याख्येचे उत्तर साधारण असे असते :

«मागणी ही अर्थशास्त्रातील महत्त्वाची संकल्पना आहे. मानवाच्या गरजा अमर्याद असतात. अन्न, वस्त्र व निवारा या मूलभूत गरजा आहेत. गरजा भागविण्यासाठी माणूस वस्तूंची मागणी करतो. एखादी वस्तू हवी असणे म्हणजे मागणी होय. वस्तूची किंमत वाढली की मागणी कमी होते व किंमत कमी झाली की मागणी वाढते. म्हणून बाजारात मागणीला फार महत्त्व आहे.»

या सात वाक्यांपैकी पहिली चार आणि सातवे यांना एकही गुण नाही, कारण त्यांत मागणी म्हणजे काय ते सांगितलेले नाही. पाचवे वाक्य व्याख्येचे आहे, पण ते चुकीचे आहे. सहावे वाक्य बरोबर आहे, मात्र तो मागणीचा नियम झाला आणि तो वेगळा प्रश्न आहे. उदार मनाचा परीक्षक सहाव्या वाक्याकडे पाहून अर्धा गुण देईल. मूल मात्र घरी जाऊन सांगेल की एवढे लिहिले तरी गुण दिले नाहीत.

पाचवे वाक्य का चुकते, याचे कारण आपल्या भाषेत आहे, आणि ते मुलांना स्पष्ट करून सांगितल्याशिवाय ही चूक जात नाही. मराठीत मागणी हा शब्द आपण वेगळ्याच अर्थांनी रोज वापरतो. मोर्चात आपल्या मागण्या असतात, मुलीला मागणी घातली जाते, गावकरी टँकरची मागणी करतात. या सर्व ठिकाणी मागणी म्हणजे मागणे, आणि मागायला खिशात पैसे असावे लागत नाहीत. अर्थशास्त्रातील मागणीत मात्र पैसे असावेच लागतात. मी वर्गात २०१६ चे उदाहरण देतो, कारण ते आमच्या घरोघरी घडलेले आहे. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात शहरातील प्रत्येक घराला पाण्याची गरज सारखीच होती. परंतु खासगी टँकरचे पाणी विकत घेणारी घरे वेगळी आणि सार्वजनिक टाकीपुढे घागरी लावून रांगेत उभी राहणारी घरे वेगळी होती. टँकरच्या बाजारातील पाण्याची मागणी ही फक्त पहिल्या घरांची होती. दुसऱ्या घरांची तहान तेवढीच खरी होती, पण त्या दराने विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे बाजाराच्या हिशेबात ती मागणी म्हणून दिसली नाही. गरज आणि मागणी यांतील फरक एवढ्या एका उदाहरणाने आमच्या मुलांना कायमचा कळतो.

ऐपत आली तरी तेवढ्यावर भागत नाही. एखाद्या शेतकऱ्याला मोटारसायकल हवी आहे, सोयाबीन विकून आलेले पैसेही बँकेत आहेत. पण ते त्याने बोअर घेण्यासाठी राखून ठेवले आहेत. त्याच्याजवळ इच्छा आहे आणि क्रयशक्तीही आहे, तरीही मोटारसायकलची मागणी नाही, कारण त्या वस्तूवर खर्च करण्याची तयारी नाही. मुले हा तिसरा घटक सर्वांत जास्त विसरतात, आणि परीक्षक नेमका तोच शोधतात. त्यानंतर किंमत आणि कालावधी हे दोन घटक येतात. ‘मला दोन किलो मोसंबीची मागणी आहे’ हे वाक्य अपुरे आहे, कारण कोणत्या भावाला आणि दिवसाला की महिन्याला, हे कळत नाही. इच्छा, क्रयशक्ती, खर्चाची तयारी, किंमत आणि कालावधी असे पाच घटक घेतले की दोन गुणांचे उत्तर असे होते :

«विशिष्ट किमतीला आणि विशिष्ट कालावधीत एखादी वस्तू खरेदी करण्याची इच्छा, त्यासाठी लागणारी क्रयशक्ती आणि पैसे खर्च करण्याची तयारी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, म्हणजे त्या वस्तूची मागणी निर्माण होते. उदाहरणार्थ, मोसंबी किलोला ६० रुपये असताना एखादे कुटुंब आठवड्याला २ किलो मोसंबी विकत घेत असेल, तर ६० रुपये किमतीला त्या कुटुंबाची आठवड्याची मागणी २ किलो आहे.»

हे पंचावन्न शब्द आहेत. यात प्रस्तावना नाही आणि महत्त्वही सांगितलेले नाही, तरीही काहीच सुटलेले नाही. उदाहरणात किंमत, प्रमाण आणि काळ हे तिन्ही असल्याकडे लक्ष द्या. ‘उदाहरणार्थ, मोसंबीची मागणी’ एवढेच लिहिले तर ते उदाहरण काहीही सिद्ध करत नाही. प्रश्न ‘संकल्पना ओळखून स्पष्ट करा’ असा असेल, तर प्रसंग प्रश्नातच दिलेला असतो. तेव्हा पहिल्या ओळीत संकल्पनेचे नाव लिहावे, पुढे व्याख्या लिहावी, आणि आपले उदाहरण न देता दिलेल्या प्रसंगातील व्यक्ती, वस्तू व किंमत यांना व्याख्येशी जोडून एक वाक्य लिहावे. नावाचा एक गुण आणि स्पष्टीकरणाचा एक, अशी साधारण विभागणी असते. त्यामुळे नाव न लिहिता केलेले उत्तम स्पष्टीकरणही अर्धेच राहते.

हेच उत्तर चार गुणांचे करायचे झाल्यास मुले प्रस्तावना वाढवतात. वाढ मात्र उदाहरणात व्हायला हवी. वरचेच मोसंबीचे कुटुंब घ्यावे आणि भाव ८० रुपये असताना आठवड्याला १ किलो, ६० असताना २ किलो आणि ४० असताना ३ किलो, असा तीन ओळींचा तक्ता काढावा. मग एक वाक्य असे लिहावे की प्रत्येक किमतीला मागणीचे प्रमाण वेगळे आहे, म्हणून किमतीचा उल्लेख न करता मागणी सांगता येत नाही. त्यानंतर चार गुणांना शोभेल असा फरक सांगावा. केवळ भाव उतरल्यामुळे कुटुंबाने २ किलोऐवजी ३ किलो घेतली, तर तो मागणीचा विस्तार होय. भाव ६० वरच असताना घरातील उत्पन्न वाढल्यामुळे ३ किलो घेतली, तर ती मागणीतील वृद्धी होय. व्याख्येची दोन वाक्ये, तक्ता, आणि हा फरक सांगणारी तीन-चार वाक्ये एवढे लिहिले की शंभरच्या वर शब्द आपोआप होतात आणि एकही वाक्य भरतीचे राहत नाही. आठ गुणांना बहुधा मागणीचा नियमच विचारतात, व त्यात विधान, तक्ता, आकृती, स्पष्टीकरण आणि गृहीतके असा क्रम असतो. तिथे मागणीची व्याख्या दोन ओळींपलीकडे जाऊ देऊ नये. आकृती काढायला तीन मिनिटे लागतात, तेवढे शब्द कमी करावेत, आणि अक्षांना नावे दिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चलनवाढीची व्याख्या मला मागणीपेक्षा अवघड वाटते, आणि इथेही शब्दच मुलांना फसवतो. चलनवाढ या शब्दाचा विग्रह केला तर चलनाची वाढ असा होतो. त्यामुळे ‘देशातील चलनाच्या प्रमाणात होणारी वाढ म्हणजे चलनवाढ’ असे उत्तर दरवर्षी अनेक वह्यांत सापडते. चलनवाढ म्हणजे किंमत पातळीची वाढ. पैशाचा पुरवठा वाढणे हे तिचे एक कारण आहे, पण एकच कारण नव्हे. कारण व्याख्येत घातले की व्याख्या बिघडते. आमच्या भागातील ज्येष्ठ माणसांना बहात्तरचा दुष्काळ आठवतो. १९७२ मध्ये पाऊस न झाल्याने धान्य पिकले नाही आणि अन्नधान्य महागले. त्यानंतर १९७३ च्या ऑक्टोबरपासून काही महिन्यांतच जागतिक बाजारात खनिज तेलाचे दर जवळपास चौपट झाले. १९७४ मध्ये भारतातील चलनवाढीचा दर २० टक्क्यांच्या वर गेला. त्या वर्षांत पैशाचा पुरवठाही वाढलेला होता, पण धान्याचा तुटवडा आणि महाग तेल यांना बाजूला ठेवून त्या वाढीचे स्पष्टीकरण देता येत नाही. म्हणून व्याख्येत फक्त काय घडते ते सांगावे आणि का घडते ते चार किंवा आठ गुणांसाठी राखून ठेवावे. वर्कशीटमध्ये भाववाढ असा शब्द असेल तर उत्तरातही भाववाढच लिहावे. अर्थ एकच आहे, पण प्रश्नात एक शब्द आणि उत्तरात दुसरा असला की वाचणारा अडखळतो.

दुसरी चूक एका वस्तूची आहे. ‘वस्तूंच्या किमती वाढणे म्हणजे चलनवाढ’ या वाक्याला बहुतेक परीक्षक एकच गुण देतात, आणि मुलांना ते अन्यायाचे वाटते. ऑक्टोबर २०१५ मध्ये अनेक शहरांत तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या आसपास पोहोचली होती. लातूर हे डाळींच्या गिरण्यांचे आणि तुरीच्या मोठ्या आडत बाजाराचे शहर असल्याने आमच्याकडे त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता. त्याच महिन्यात ग्राहक किंमत निर्देशांकावरून काढलेला चलनवाढीचा दर मात्र ५ टक्क्यांच्या आसपास होता, आणि घाऊक किमतींच्या निर्देशांकावरून काढलेला दर तर शून्याच्याही खाली होता. म्हणजे डाळीचा भाव प्रचंड वाढलेला असूनही सर्वसाधारण किंमत पातळी त्या प्रमाणात वाढलेली नव्हती, कारण निर्देशांकात शेकडो वस्तू व सेवा असतात आणि डाळीचा भार त्यात लहान असतो. तुरीची ती वाढ ही एका वस्तूची महागाई होती. व्याख्येत ‘सर्वसाधारण किंमत पातळी’ हे शब्द आले नाहीत, तर तूरडाळीची वाढ आणि चलनवाढ यांतला फरकच उरत नाही. त्याचप्रमाणे ‘सातत्याने’ हा शब्दही हवा, कारण दिवाळीच्या आठवड्यात सगळे महाग होऊन पुढच्या महिन्यात उतरले, तर त्याला चलनवाढ म्हणत नाहीत.

त्यामुळे दोन गुणांचे उत्तर मी असे लिहून घेतो :

«अर्थव्यवस्थेतील वस्तू व सेवांच्या सर्वसाधारण किंमत पातळीत काही काळ सातत्याने होणारी वाढ म्हणजे चलनवाढ होय. चलनवाढीत पैशाची क्रयशक्ती घटते. उदाहरणार्थ, गेल्या वर्षी एका कुटुंबाचा किराणा, भाडे, औषधे व प्रवास यांचा महिन्याचा खर्च १०,००० रुपये होता. यंदा तेवढ्याच वस्तू व सेवांना १०,५०० रुपये लागतात, म्हणजे त्याच पैशांत आता कमी वस्तू येतात.»

इथेही पन्नासच्या आसपास शब्द झाले. उदाहरणात एकच वस्तू न घेता चार निरनिराळे खर्च घेतले आहेत, आणि ‘तेवढ्याच’ हा शब्द मुद्दाम आहे. कुटुंबाने जास्त वस्तू घेतल्यामुळे खर्च वाढला असेल, तर ती चलनवाढ नव्हे.

तिसरी चूक चार गुणांच्या उत्तरात दिसते आणि ती हुशार मुलेही करतात. वर्तमानपत्रात ‘चलनवाढ घटली’ असा मथळा येतो आणि मुले लिहितात की किमती कमी झाल्या. हे आकड्यांत करून दाखवल्याशिवाय पटत नाही. समजा किंमत निर्देशांक पहिल्या वर्षी १६०, दुसऱ्या वर्षी १६८ आणि तिसऱ्या वर्षी १७३ आहे. चलनवाढीचा दर काढताना यंदाच्या निर्देशांकातून गेल्या वर्षीचा वजा करायचा, आलेल्या उत्तराला गेल्या वर्षीच्या निर्देशांकाने भागायचे आणि १०० ने गुणायचे. दुसऱ्या वर्षी ८ भागिले १६० म्हणजे ५ टक्के येतात, आणि तिसऱ्या वर्षी ५ भागिले १६८ म्हणजे जवळपास ३ टक्के. दर ५ वरून ३ वर आला, म्हणून मथळा खरा आहे. पण निर्देशांक १६८ वरून १७३ वर गेला, म्हणजे किमती वाढल्याच, फक्त वाढण्याचा वेग मंदावला. किमती खरोखर उतरल्या असे म्हणायला निर्देशांक १६८ च्या खाली यावा लागला असता, आणि त्या स्थितीला चलनघट म्हणतात. चार गुणांना व्याख्या, हे तीन निर्देशांक, दोन भागाकार आणि एक निष्कर्षाचे वाक्य एवढे लिहावे. भागाकार करताना मुले पुष्कळदा १०० ने किंवा पहिल्याच वर्षाच्या निर्देशांकाने भागतात. तिसऱ्या वर्षाचा दर ३.१ टक्के आला, तर १६८ ऐवजी १६० ने भागले आहे, असे समजावे.

आठ गुणांसाठी कारणे किंवा परिणाम विचारले, तर मागणीच्या बाजूची दोन आणि पुरवठ्याच्या बाजूची दोन कारणे पुरेशी आहेत, प्रत्येकाला चार-पाच ओळी द्याव्यात. दहा कारणांची नुसती नावे लिहिण्यापेक्षा हे चांगले. बहात्तरचा दुष्काळ आणि त्यानंतरची तेलाची दरवाढ ही पुरवठ्याच्या बाजूची दोन खरी उदाहरणे तुमच्या भावाला आजोबांकडूनही ऐकायला मिळतील. शेवटी एखादे वाक्य जोडायचे असेल तर रिझर्व्ह बँकेचे लक्ष्य सांगता येते : २०१६ पासून ग्राहक किमतींवर आधारित चलनवाढ ४ टक्के ठेवण्याचे आणि ती २ ते ६ टक्क्यांच्या मर्यादेत राखण्याचे लक्ष्य ठरलेले आहे. दोन गुणांच्या व्याख्येत मात्र हे वाक्य घालू नये. ते बरोबर असूनही तिथे त्याला गुण नाही.

व्याख्या पुरी झाली की नाही हे ओळखायला मी मुलांना एकच कसोटी देतो. संकल्पनेचे नाव हाताने झाकायचे, उरलेले वाक्य घरातील दुसऱ्या कोणाला वाचून दाखवायचे आणि त्यात बसणारे पण चुकीचे उदाहरण शोधायला सांगायचे. ‘एखादी वस्तू हवी असणे’ यात विमान हवे असलेले लहान मूल बसते, म्हणून मागणीची ती व्याख्या तुटते. ‘वस्तूंच्या किमती वाढणे’ यात पावसाळ्यातील टोमॅटो बसतो, म्हणून चलनवाढीची व्याख्या तुटते. जे चुकीचे उदाहरण आत शिरले ते बाहेर काढायला कोणता शब्द घालावा लागेल, असे विचारले की सुटलेला घटक मूल स्वतःच सांगते. हे तुम्ही घरी सहज करू शकाल, त्यासाठी अर्थशास्त्र शिकलेले असण्याची गरज नाही.

लांबीसाठी त्याचे जुने अर्धे पान फेकू नका. प्रत्येक वाक्यापुढे समासात, ते व्याख्येचा कोणता घटक सांगते, ते त्याला पेन्सिलने लिहू द्या. ज्या वाक्यापुढे त्याला काहीच लिहिता येणार नाही, ते खोडायचे. माझ्या अनुभवाप्रमाणे पहिल्या खेपेला सात-आठ वाक्यांतील दोनच उरतात, आणि मग सुटलेले घटक घालायला भरपूर जागा मिळते. वर्कशीटवर शब्दमर्यादा छापलेली असेल किंवा ठरावीक रेघा आखून दिल्या असतील, तर माझे आकडे बाजूला ठेवून तीच मर्यादा पाळावी. तीनच रेघा असतील, तर उदाहरण गाळावे आणि पाचही घटक ठेवावेत.